'देगलास' म्हणजे काय?

ज्याँ-ल्युक गोदारचा 'ब्रेथलेस' १६ मार्च १९६० रोजी पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. मूळ फ्रेंच नाव 'आ बू द सूफ्ल', म्हणजे धाप लागून दम संपत आलेला. नव्वद मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट जगभरच्या फिल्म सोसायट्यांनी इतक्या वेळा दाखवला आहे की कथा अनेकांना पाठ असते. मिशेल प्वाकार हा भुरटा गाडीचोर मार्सेयहून चोरीची गाडी घेऊन निघतो आणि वाटेत एका पोलिसाला गोळी घालतो. पॅरिसला येऊन तो पैसे वसूल करायच्या मागे लागतो. पॅट्रिशिया ही अमेरिकन मुलगी तिथे शिकायला आलेली असते आणि शाँझेलिझेवर न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून विकत असते. तिने आपल्याबरोबर रोमला यावं म्हणून मिशेल तिची मनधरणी करतो. शेवटी तीच पोलिसांना फोन करून त्याचा ठावठिकाणा सांगते, आणि सांगितल्याचं त्यालाही सांगते. पळायला वेळ असूनही तो पळत नाही.

पोलिसांची गोळी त्याच्या पाठीत लागते. धडपडत, झोकांड्या खात तो लांबलचक रस्ता धावतो आणि चौकाजवळ कोसळतो. पॅट्रिशिया मागून धावत येते. तो खाली, ती वर, आजूबाजूला पोलीस. तो तोंड वेडीवाकडी करतो, दोन-तीन शब्द पुटपुटतो, स्वतःच्याच हाताने स्वतःचे डोळे मिटतो आणि मरतो. ती विचारते, काय म्हणाला तो? इन्स्पेक्टर व्हिताल तिला सांगतो. त्याच्या उत्तरात एक शब्द असतो, 'देगलास'. ती कॅमेऱ्यात बघत विचारते, 'देगलास' म्हणजे काय? मग ओठांवरून अंगठा फिरवते, पाठ करते आणि चित्रपट संपतो.

मी सबटायटल लिहितो. आमच्याकडच्या एका छोट्या फिल्म क्लबला हा चित्रपट मराठी सबटायटलसह दाखवायचा होता आणि काम माझ्याकडे आलं. बाकीचा चित्रपट रांगेने पुढे सरकला. शेवटच्या तीन ओळींवर मात्र एक अख्खी रात्र गेली. ती का गेली, हे सांगायला हा लेख लिहितो आहे, कारण सबटायटल लिहिणं म्हणजे नेमकं काय करणं, हे त्या तीन ओळींत जेवढं दिसतं तेवढं क्वचितच कुठे दिसतं.

आधी शब्दाकडे बघू. फ्रेंचमध्ये 'ग्योल' म्हणजे जनावराचं तोंड, थोबाड. त्यावरून 'देग्योले' हे क्रियापद, म्हणजे भडाभडा ओकणं. त्याला हीनपणा दाखवणारा प्रत्यय लागला की झालं 'देगलास'. मुळात अर्थ ओकारी यावी असं, किळसवाणं. पण शब्द वापरून वापरून झिजतात. पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीला त्या रात्री फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अरे, ही काही मोठी शिवी नाहीये. तिथली शाळकरी पोरं जेवणाच्या सुट्टीत म्हणतात, आजची भाजी देगलास आहे. मास्तरांनी उगाच मार्क कापले तरी म्हणतात, हे देगलास आहे."

"म्हणजे अन्याय झाला, असं?"

"अन्याय हा फार मोठा शब्द झाला. वागणूक घाण आहे, हलक्या मनाची आहे, असं. माणसाला म्हटलं तर हलक्या वृत्तीचा. भांड्याला म्हटलं तर बरबटलेलं. जिभेवर एकच शब्द आहे, तो कशाला लावाल त्याप्रमाणे फिरतो."

म्हणजे शब्दाची दोन टोकं आहेत. एक पोटात ढवळणारं, दुसरं माणसाच्या नियतीवर बोट ठेवणारं. जोर मध्यम, जागा रस्त्यावरची. सभ्य बैठकीत हा शब्द कुणी काढणार नाही, पण तो काढला म्हणून कुणी अंगावर धावूनही येणार नाही. नुसत्या शब्दाचं भाषांतर हवं असतं तर मराठीत अर्धा डझन पर्याय आहेत आणि कुठलाही चालला असता.

अडचण आहे ती शब्दाच्या प्रवासात. हा एकच शब्द अर्ध्या मिनिटात तीन तोंडांतून जातो आणि प्रत्येक तोंडात त्याचं काम बदलतं.

मिशेल म्हणतो, "से व्रेमाँ देगलास." 'से' म्हणजे 'हे आहे', 'व्रेमाँ' म्हणजे खरोखर. हे म्हणजे काय? त्याचं मरण? तिने केलेला दगा? पाठीत गोळी घालणं? एकूण जगणंच? तो सांगत नाही. वाक्याला रोख आहे, पण समोर कुणी नाही. त्यातही तो इतक्या दमलेल्या आवाजात पुटपुटतो की काहींना 'से' ऐवजी 'ते' ऐकू येतं, आणि 'ते' असेल तर अर्थ 'तू आहेस' असा होतो. स आणि त, एवढाच फरक. हा गोंधळ ध्वनिमुद्रणाच्या गैरसोयीतून आला असं म्हणायलाही जागा नाही. गोदार आणि छायाचित्रकार राऊल कुतार यांनी हा चित्रपट हातात धरलेल्या, आवाज करणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रित केला होता आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले होते. म्हणजे बेलमाँदोने ते शब्द माइकसमोर उभं राहून म्हटले. स्पष्ट हवे असते तर स्पष्ट मिळाले असते. अस्पष्ट हवे होते, म्हणून ते तसे आहेत.

मग व्हिताल. तो म्हणतो की तो म्हणाला, तुम्ही खरोखर 'ऊन देगलास' आहात. 'ऊन' हे स्त्रीलिंगी उपपद. तेवढ्याने 'हे'चं 'तुम्ही' झालं, विशेषणाचं नाम झालं, आणि हवेत सोडलेला शब्द थेट बाईच्या कपाळावर बसला. व्हितालने चुकीचं ऐकलं, की नीट ऐकून मुद्दाम फिरवलं, की त्याला तसंच वाटत होतं? चित्रपट उत्तर देत नाही. मेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द एका पोलिसाच्या तोंडून पोचतात, आणि पोचताना बदलतात, एवढंच आपल्यासमोर घडतं.

आणि पॅट्रिशिया विचारते, देगलास म्हणजे काय? ती परदेशी आहे, तिचं फ्रेंच शिकाऊ आहे. पहिल्याच भेटीत मिशेल शाँझेलिझेला नुसतं 'शाँ' म्हणतो तेव्हाही ती विचारते, 'शाँ' म्हणजे काय? पुढे तिच्या हॉटेलच्या खोलीत तो रुसण्यासाठीचा एक वाक्प्रचार वापरतो, तिला कळत नाही, तेव्हा तो तोंडाचे तीन प्रकार करून दाखवतो. मरताना तो तोंड वेडीवाकडी करतो ती हीच. म्हणजे शेवटचा प्रश्न वरून चिकटवलेला नाही. दीड तास ती शब्दांचे अर्थ विचारतेच आहे. आधी सांगणारा होता, आता तो नाही.

तर सबटायटलने करायचं काय? पहिल्या ओळीत शब्द कुणालाच उद्देशून नको. दुसऱ्या ओळीत तोच शब्द, कानाला तोच वाटेल असा, तिला उद्देशून हवा. तिसऱ्या ओळीत तोच शब्द एका परक्या मुलीला ठाऊक नसावा, पण प्रेक्षकाला मात्र वाचताक्षणी कळावा. तिन्ही अटी एकाच शब्दाने पाळायच्या. एक ओळ सुंदर जमली आणि बाकीच्या दोन लंगड्या राहिल्या तर काम फसलं.

इंग्रजीत काय झालं ते बघण्यासारखं आहे. २००१ साली अमेरिकेत निघालेल्या डीव्हीडीत व्हिताल तिला 'स्कमबॅग' म्हणतो आणि ती विचारते, स्कमबॅग म्हणजे काय? पण मिशेलच्या तोंडी त्याआधी 'डिस्गस्टिंग' आहे. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला धागाच तुटला. वाचणाऱ्याला वाटतं, व्हितालने सपशेल खोटं सांगितलं, कारण दोन शब्दांत काहीच साम्य नाही. मूळ चित्रपटातली शंका इथे आरोप होऊन बसते. दुसऱ्या काही इंग्रजी प्रतींत 'बिच' हा शब्द आहे. तो सगळ्यात घातक. बाईला बाई म्हणून दिलेली शिवी 'देगलास'मध्ये नाही. स्त्रीलिंग आलं ते व्हितालच्या व्याकरणात, मिशेलच्या शब्दात नव्हतं. 'बिच' वापरला की मिशेल मरता मरता बाईच्या जातीला शिवी देऊन गेला असं होतं, आणि त्या एका शब्दावरून लोक चित्रपटाबद्दल मत बनवतात.

२००७ साली क्रायटेरियन या कंपनीने काढलेल्या आवृत्तीत जास्त विचार दिसतो. तिथे 'प्यूक' म्हणजे ओकणं हा शब्द तिन्ही ओळींत आहे. मिशेलच्या वाक्यातला कर्ता गाळला आहे, त्यामुळे कशाने ओकारी येते ते उघड होत नाही. व्हिताल म्हणतो, तुमच्यामुळे त्याला ओकारी येते म्हणाला. ती विचारते, 'प्यूक' म्हणजे काय? धागा अखंड आहे, पोटातलं ढवळणं शाबूत आहे. तरी एक गोष्ट इंग्रजीला कधीच साधणार नाही. पॅट्रिशिया अमेरिकन आहे. अमेरिकन मुलगी एका साध्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते, असं पडद्यावर दिसतं. प्रेक्षक मनातल्या मनात ते सावरून घेतो, पण क्षणभर अडखळतोच.

मराठीला ही अडचण नाही. मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती परकीच आहे आणि परक्या मुलीने मराठी शब्दाचा अर्थ विचारणं अगदी स्वाभाविक आहे. दुसरा फायदा 'तुम्ही'चा. व्हिताल फ्रेंचमध्ये तिला आदरार्थी सर्वनामाने बोलतो. आदराने बोलत शिवी पोचवणारा पोलीस इंग्रजीत दाखवता येत नाही, मराठीत येतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. इतक्या गाजलेल्या जागी इंग्रजीला जे जमत नाही ते आपल्या भाषेत आयतं पडून आहे.

पण आपल्याकडे मराठी सबटायटल बहुतेक वेळा इंग्रजी सबटायटलवरूनच होतात. हातात एक फाइल येते, तिच्यात प्रत्येक इंग्रजी ओळ केव्हा दिसावी आणि केव्हा जावी याच्या वेळा असतात, आणि इंग्रजी पुसून मराठी भरायची असते. माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये 'प्यूक' होतं. मूळ आवाज न ऐकता काम केलं असतं तर मी 'ओकारी येते' लिहून मोकळा झालो असतो आणि ते चुकीचं आहे असं कुणी म्हणालंही नसतं. दुसरी फाइल आली असती तर 'स्कमबॅग'वरून काहीतरी वेगळंच आलं असतं. इंग्रजीवाल्याने जो निर्णय घेतला तो आपल्या नकळत आपला होतो. हे ओळखायची एक खूण आहे. पात्राने एकच शब्द दोनदा उच्चारलेला कानाला कळतो आणि खाली दोन वेगळे शब्द दिसतात, किंवा याच्या उलट. तसं दिसलं की फाइल थांबवावी आणि मूळ संवाद ऐकावा. भाषा येत नसली तरी 'देगलास' तीनदा आला हे कान सांगतोच.

रात्री साडेअकराच्या सुमारास मी पर्याय कागदावर उतरवायला घेतले.

'घाणेरडं' हा पहिला. व्याकरणाने तो फार देखणा बसतो. मिशेल म्हणतो, घाणेरडं आहे, खरंच. नपुंसकलिंग, म्हणजे बाई नाही, बुवा नाही, नुसती परिस्थिती. व्हिताल म्हणतो, तुम्ही घाणेरड्या आहात. एका प्रत्ययाने शब्द तिच्यावर वळला. फ्रेंचमध्ये 'ऊन'ने जे केलं तेच आपल्या 'ड्या'ने केलं. पण तिसऱ्या ओळीत गडबड होते. तिने विचारायचं काय, 'घाणेरड्या म्हणजे काय' की 'घाणेरडं म्हणजे काय'? आणि मुख्य म्हणजे मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला पहिल्या महिन्यात येणाऱ्या शब्दांपैकी हा एक. ती तो विचारेल हे पटत नाही.

'ओंगळ' सुरेख शब्द आहे. त्याला लिंगवचनाने रूप बदलावं लागत नाही, शरीराची घाणही त्यात आहे आणि वागण्याचीही. परक्या मुलीला तो माहीत नसणारच. पण गाड्या चोरणारा, खिशात पिस्तूल बाळगणारा, रस्त्यावरची फ्रेंच बोलणारा पंचविशीतला पोरगा मरताना 'ओंगळ' म्हणेल? तो शब्द माझ्या आजीच्या पिढीच्या तोंडी शोभतो. 'किळसवाणं' त्याहून पुस्तकी. 'शिसारी' आणि 'ओकारी' यांना 'येते' लावावं लागतं, आणि मग व्हितालच्या ओळीत 'तुमची शिसारी येते' असं होऊन शब्द तिच्यावर बसण्याऐवजी मिशेलच्या पोटातच राहतो.

'सटवी' मोहात पाडून गेला. मराठी कानाला त्यात जी धार आहे ती दुसऱ्या कशात नाही, आणि परक्या मुलीने 'सटवी म्हणजे काय' विचारणं नेमकं झालं असतं. पण तिथे 'बिच'चीच चूक मराठीत झाली असती. 'सटवी' फक्त बाईलाच म्हणता येतं. मिशेलच्या पहिल्या ओळीत तो बसवायचा तर त्याला तिच्याकडे बोट करावंच लागतं, मग सगळी शंका संपते आणि व्हिताल निव्वळ निरोप्या उरतो. बाईवर घसरणाऱ्या आणखी जड शिव्या मी कागदावर घेतल्याच नाहीत. एक तर शब्दाचा जोर तेवढा नाही. दुसरं म्हणजे लिहिलेली शिवी ऐकलेल्या शिवीपेक्षा जास्त लागते. ऐकलेला शब्द सुरात, चेहऱ्यात विरघळून जातो. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलेला शब्द सगळं प्रेक्षागृह एकाच वेळी, मुकाट्याने वाचतं. म्हणून सबटायटल लिहिणारे शिवी सहसा अर्धी पायरी उतरवून लिहितात. इथे तर चढवण्याचा प्रश्नच नव्हता.

राहिला 'हलकट'. यात ओकारी नाही, हे आधीच सांगतो. पण मावसबहीण म्हणाली होती ती दुसरी बाजू, हलक्या मनाची वागणूक, ती यात पूर्ण आहे. शब्द रस्त्यावरचा आहे, शिवी आहे, पण घरात उच्चारला तर आई फक्त डोळे मोठे करते. तो बाईलाही लागतो, पुरुषालाही लागतो आणि रूप बदलत नाही. त्यातून 'हलकटपणा' करता येतो, आणि 'हलकटपणा' कुणाचाही असू शकतो. तिचा, पोलिसांचा, त्याचा स्वतःचा, नशिबाचासुद्धा. शिवाय मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला तो कुठलंही पुस्तक शिकवत नाही.

मग मोजमाप. सबटायटलची एक ओळ साधारण ४२ अक्षरखुणांपर्यंत ठेवतात, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, आणि एखादी ओळ सेकंदभराहून कमी काळ दिसली तर डोळा ती पकडू शकत नाही. या मर्यादा रोमन लिपीच्या सवयीतून आलेल्या आहेत. देवनागरीत संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजतो. 'तो म्हणाला, तुम्ही खरंच हलकट आहात.' या ओळीत संगणकाला ३४ खुणा दिसतात. वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्यात १६ अक्षरं असतात. त्यामुळे सॉफ्टवेअर ओळ लांब झाल्याचा इशारा देतं तेव्हा ती मोठ्याने वाचून बघावी, नुसत्या आकड्यावर विसंबून चांगला शब्द कापू नये. 'हलकट' या शब्दाला तर काना-मात्राही नाही आणि जोडाक्षरही नाही. चार सुटी अक्षरं, नजर टाकताच वाचून होणारी. मिशेल पुटपुटतो तेव्हा प्रेक्षकाचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर असायला हवेत, खालच्या ओळीत अडकायला नकोत, म्हणून याला महत्त्व.

रात्री एकच्या पुढे आई पाणी प्यायला उठली. तिने चित्रपट पाहिलेला नव्हता. मी तिला शेवटची दोन मिनिटं दाखवली. खाली ओळी होत्या:

हलकटपणा आहे, खरंच.

तो म्हणाला, तुम्ही खरंच हलकट आहात.

'हलकट' म्हणजे काय?

ती म्हणाली, "पण तो तिला कुठे म्हणाला तसं?"

"मग कुणाला म्हणाला?"

"ते काय माहीत. त्या पोलिसाने लावलं तिला." थोडं थांबून म्हणाली, "आणि तिला खरंच कळलं नाही का रे, की कळून विचारतेय?"

ज्या दोन प्रश्नांवर या चित्रपटाचे अभ्यासक साठ वर्षं लिहीत आहेत, ते दोन्ही तिने सबटायटल वाचून विचारले. तिच्यासमोर 'बिच'वरून आलेली मराठी असती तर पहिला प्रश्न सुचण्याचं काही कारणच नव्हतं. चाचणी म्हणून मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

तरी काम संपलं नाही, कारण शेवटच्या ओळीने मागच्या ओळींवर हक्क सांगितला. 'म्हणजे काय' हे शब्द शेवटी वाजायचे असतील तर ते आधीही त्याच रूपात वाजलेले हवेत. मी सुरुवातीला 'शाँ' च्या जागी 'कुठला रस्ता?' असं सोपं करून ठेवलं होतं. खोलीतल्या प्रसंगात 'मला नाही कळलं' असं लिहिलं होतं. दोन्ही ओळी अर्थाने बरोबर होत्या, पण शेवटच्या प्रश्नाची वाट त्यांनी बुजवली होती. परत जाऊन दोन्हीकडे '...म्हणजे काय?' केलं. मग शिव्यांचा हिशेब तपासला. चित्रपटाचं पहिलंच वाक्य मिशेल स्वतःला शिवी देत म्हणतो. पुढे गाडी चालवताना तो कॅमेऱ्याकडे वळून, समुद्र, डोंगर, शहर यांतलं काहीच न आवडणाऱ्या प्रेक्षकाला खड्ड्यात जायला सांगतो. त्या दोन्ही जागी मी घाईने 'हलकट'च्या जवळपासचे शब्द वापरले असते तर शेवटचा शब्द शिळा झाला असता. म्हणून पहिल्या जागी 'गाढव' ठेवला आणि 'हलकट' नव्वद मिनिटांत आधी एकदाही येऊ दिला नाही.

एक गोष्ट मात्र हातातून गेली ती गेलीच. पोटात ढवळणं. मिशेलच्या तोंडात मरताना जे 'ओकणं' आहे ते 'हलकटपणा'त नाही. त्याची थोडी भरपाई चित्रच करतं. तो शब्दाआधी तोंड वेडीवाकडी करतो, त्याच्या श्वासात घरघर आहे, आणि ते पाहणाऱ्याला किळसही दिसते. सबटायटल लिहिणाऱ्याने चित्राकडून जेवढं घेता येईल तेवढं घ्यावं, शब्दाने तेच परत सांगू नये. इथे मला शरीर चित्रावर सोपवून नियत शब्दात ठेवावी लागली. दुसरा कुणी उलट निवड करील, 'ओकारी' ठेवील आणि हलकेपणा सोडील. तीही निवड वाईट म्हणता येणार नाही, फक्त तिन्ही ओळींत ती निभावली पाहिजे.

फिल्म क्लब, महोत्सव भरवणारे, ओटीटीवाले, सगळ्यांना माझी एक विनंती आहे. मराठी सबटायटल करून घेताना नुसती इंग्रजी फाइल पाठवू नका. मूळ भाषेतली संवादांची यादी मिळवा, ती वाचणारा एखादा माणूस तासभरासाठी का होईना जोडून द्या. आणि तुम्ही 'ब्रेथलेस' पुन्हा बघाल तेव्हा, मिशेल रस्त्यावर पडल्यावर खालची ओळ वाचू नका, आवाज वाढवा आणि तो 'से' म्हणतो की 'ते' ते ऐका. मला 'से' ऐकू येतं.